आहेर किती करावा? लग्नसराईच्या आधी बायामाणसं मला विचारतात ते प्रश्न

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. पाच एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकरांत पऱ्हाटी, दोन एकरांत सोयाबीन आणि मधून तुरीचे तास. गावातल्या बचत गटाचं रजिस्टर अकरा वर्षांपासून माझ्या हातात आहे. त्या रजिस्टरात कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. मार्च-एप्रिलमध्ये त्यात ‘लग्न’ हा शब्द फार दिसतो. सुरुवातीला मला वाटायचं, घरचंच लग्न असेल. विचारू लागले तेव्हा कळलं, निम्म्या वेळा लग्न पाहुण्याच्या घरचं असतं आणि कर्ज आहेरासाठी निघतं. तेव्हापासून बैठक संपली, चहा आला, की हाच विषय निघतो. तिथे जे प्रश्न येतात आणि मी जी उत्तरं देते, ती इथे लिहिली आहेत.

आहेराचा आकडा नात्यावरून ठरवायचा की खिशावरून?

आधी खिशावरून, मग नात्यावरून. आपण उलटं करतो. पत्रिका येते, नातं पाहून तोंडातून आकडा निघतो, “पाच हजार तर करावेच लागतीन बाप्पा!”, आणि मग पैसे शोधणं सुरू होतं. एकेक पत्रिका सुटी सुटी पाहिली तर कोणताच आहेर जड वाटत नाही. मे संपल्यावर बेरीज केली की बियाण्याचे पैसे गेलेले असतात.

म्हणून आमच्या घरी सगळ्या हंगामाच्या आहेराची रक्कम एकदाच ठरते. कापसाची शेवटची गाडी हिंगणघाटला गेली आणि चुकारा हातात आला की त्याच आठवड्यात, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेर. नात्याचा विचार त्यानंतर, आणि तोही ठरलेल्या रकमेच्या आतच.

ती एकूण रक्कम काढायची कशी?

आमचाच एका वर्षाचा हिशोब सांगते. फेब्रुवारीअखेर पीककर्ज भरून हातात ६२,००० रुपये उरले. पीककर्ज आधी का, हे सांगायला हवं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर महाराष्ट्रात ते शून्य टक्क्यानं पडतं, मुदत चुकली की सवलत गेली. आहेरासाठी हा हप्ता मागे ठेवणं म्हणजे बिनव्याजी पैसा हातानं व्याजी करून घेणं.

आता त्या ६२,००० मधून आधी काय काढून ठेवलं? खरिपाचा खर्च २८,०००. कापसाच्या बीजी-टू बियाण्याची सहा पाकिटं (२०२५च्या खरिपात पाकीट ९०१ रुपयांना होतं), डीएपीच्या पाच गोण्या १,३५० प्रमाणे, आणि उरलेले नांगरणी, वखरणी, तणनाशक, निंदण यांना. मुलगी अकरावीत जाणार होती, तिची फी, पुस्तकं आणि खोलीचं भाडं मिळून १४,०००. आणि १०,००० अडीनडीचे. यातला ‘अडीनडीचे’ हा शब्द लोक हसण्यावारी नेतात, पण दुबार पेरणी आली तर हेच पैसे कामी येतात. रोजचा किराणा आणि आठवडी बाजार माझ्या नवऱ्याच्या मजुरीवर आणि शेळ्यांवर निघतो, म्हणून तो यात धरला नाही. ज्यांचा तसा निघत नाही त्यांनी ऑक्टोबरपर्यंतचा किराणा आधी वजा करावा, कारण सोयाबीन निघेपर्यंत नवा पैसा येत नाही.

२८, १४ आणि १० मिळून बावन्न हजार. उरले दहा. तेवढाच त्या वर्षीचा आहेर. यांना मी आकडा दाखवला तेव्हा हे म्हणाले, “भाचीचं लग्न हाय अन् तू दहा हजारांत सारा हंगाम बसवतं?” मी म्हटलं, हिशोबात कुठं चूक असेल तर दाखवा. दाखवता आली नाही. तोंड मात्र दोन दिवस उतरलेलं होतं.

मग त्या दहा हजारांची वाटणी?

त्या वर्षी आमच्यापुढे होतं ते असं. नणंदेच्या मुलीचं लग्न, म्हणजे हे सख्खे मामा. चुलत दिराच्या मुलाचं लग्न. मामेसासऱ्यांच्या नातवाचं लग्न. गावातली नऊ लग्नं. दोन बारशी.

भाचीला पाच हजार ठेवले. त्याबद्दल पुढे बोलते, कारण सगळी ओढाताण तिथेच असते. चुलत दिराकडे १,२५१ आणि मामेसासऱ्यांकडे ६०१. हे आकडे आभाळातून पडले नाहीत, वहीतून काढले, तेही सांगते. गावातल्या नऊ लग्नांना १०१ प्रमाणे ९०९. दोन बारशांना दोनशे-दोनशेचे झबलं-टोपडं. आणि १,२०० रुपये जाण्यायेण्याचे.

हे शेवटचे बाराशे बहुतेक घरांत धरलेच जात नाहीत. लग्नाला जाणं म्हणजे पाकिटातले पैसेच नव्हेत. चौघांचं तिकीट, वाटेतला चहा-नाश्ता, लेकराला नवा शर्ट, दोन दिवसांची बुडालेली मजुरी. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मी आणि मुलगी अर्ध्यात जातो. म्हणून वऱ्हाडाची खासगी गाडी ठरली असेल तरी मी खुशाल एसटीनं निघते. गाडीत माणशी तीनशेची वर्गणी देऊन पुन्हा पाकीट हलकं करण्यापेक्षा हे बरं.

बेरीज ९,३६१. उरलेले ६३९ एका डब्यात टाकले. मे महिन्यात यांच्या एका मित्राच्या घराची वास्तुपूजा अचानक निघाली, त्यातून ३०१ दिले.

वहीत २००६ साली १०१ रुपये लिहिलेले आहेत. आज १०१च परत करायचे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आहेर हा आपल्याकडे देण्याघेण्याचा व्यवहार आहे, नुसती भेट नव्हे, हे मान्य करून बोललेलं बरं. म्हणून तर वही असते. आमच्या लग्नाची वही अजून सासूबाईंच्या पेटीत आहे. दोनशे पानी, वर हळदीचं बोट लागलेलं. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली यांच्या काकांच्या हातचं पेन्सिलीचं अक्षर. ‘११ रु. व वाटी’, ‘५१ व टॉवेल’, ‘२१’, ‘२१’, ‘२१’. एका ओळीत नुसतं ‘सायकल’ लिहिलंय, कोणाची ते खोडलंय. त्यावर घरात अजून वाद होतो.

जुना आकडा आजचा करायची माझी रीत मजुरीची आहे. २००६ला आमच्या गावात बाईला निंदणाचे दिवसाला ४० रुपये मिळायचे. आज २५० मिळतात. चुलत दिरांनी तेव्हा २०१ दिले होते, म्हणजे पाच दिवसांची मजुरी. आज पाच दिवसांचे १,२५०, वर शुभाचा एक. मामेसासऱ्यांचे १०१ म्हणजे अडीच दिवस, आज सव्वासहाशेच्या आसपास, आम्ही ६०१ केले. गावातल्या शेजाऱ्यांचे २१ म्हणजे अर्धा दिवस, आज सव्वाशे. तिथे आम्ही १०१वर थांबतो, कारण गावात सध्या तोच आकडा चालतो.

सोन्याच्या भावानं मोजायची कोणी गोष्ट काढली तर हात जोडा. सोनं मजुरीच्या कितीतरी पुढे पळालंय. त्या मापानं सगळं गाव एकमेकांचं कर्जदार निघेल.

आणि वही पाहताना एक गोष्ट विसरू नका. तो आहेर आधीच फिटलेला असू शकतो. ज्यांनी आपल्या लग्नात दिलं त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात आपण दिलेलं असतं, आणि धाकट्याच्या लग्नात तीच ओळ पाहून पुन्हा फेडतो. मी आता फेडलेल्या ओळीपुढे लाल पेनानं साल टाकते. फेडून झालेल्या घरी पुढचा आहेर नव्यानं सुरू होतो, तो आपल्या आवाक्यातून करावा.

भाचीच्या लग्नात मामानं किती करावं? तिथं हिशोब चालत नाही म्हणतात.

तिथेच तो लागतो. मामाचा मान मोठा. मुलीला मांडवात मामा घेऊन येतो, मामाची साडी असते, आणि आहेराच्या वेळी सगळ्या मांडवाचे डोळे मामाकडे. आमच्या नणंदबाई चार जणींसमोर बोलून गेल्या होत्या की मामा कपाट देईल. लोखंडी दोन दारांचं कपाट तेव्हा बाजारात बारा हजारांना होतं. आमच्याजवळ पाच.

यांचं पहिलं मत, सात हजार कुठून तरी काढू. मी ते कसं निघतं ते कागदावर मांडून दाखवलं. गावातला व्याजानं देणारा शेकडा पाच घेतो, महिन्याचे. एप्रिलमध्ये घेतले आणि कापूस आल्यावर नोव्हेंबरअखेर दिले तर आठ महिने. सात हजारांचं व्याज २,८००, म्हणजे डीएपीच्या दोन गोण्या आणि वर शंभर. गटातून दोन टक्क्यांनी काढले तर १,१२०. बँकेतून घेतलं तर आणखी कमी, पण आहेरासाठी बँक कर्ज देत नाही आणि पीककर्जातले घातले तर पेरणीच्या वेळी तेवढी जमीन उपाशी राहते. बारा हजारांचं कपाट सावकारी पैशानं पंधरा हजारांच्या जवळ पडत होतं आणि ते तीन हजार भाचीच्या घरी जाणार नव्हते. (आणि परवाना नसलेला सावकार म्हणजे कायद्याबाहेरचा. महाराष्ट्रात यावर २०१४चा कायदा आहे. गावात कोणी हे बोलत नाही, कारण उद्या त्याच्याच दारी जायचं असतं.)

मग काय केलं? साक्षगंध झालं त्याच आठवड्यात धाकट्या दिराला आणि यांच्या मावसभावाला बोलावलं. भाचीचे मामा हे तिघं. कपाट तिघांत घ्यायचं, प्रत्येकी चार हजार. आमच्याजवळ हजार उरले, त्याची साडी आणि नथ. आहेराच्या वेळी तिघंही एकदमच उभे राहिले, पुकारणाऱ्यानं ‘तीन मामांकडून कपाट’ असं पुकारलं. कोणाच्या नावाला काही कमीपणा आला नाही.

यात एकच खोच आहे. हे लग्नाच्या आदल्या आठवड्यात जमत नाही. तोवर प्रत्येकानं आपलं वेगळं काही ठरवलेलं असतं, मोठ्याला धाकट्याबरोबर जोडलं जाणं खुपतं आणि दुकानदार उधारीवर द्यायला तयार असतो. साक्षगंधाच्या मागेमागेच बोलणं झालं पाहिजे. आणि तिघांपैकी एकानं शेवटी हात आखडला तर त्याचा भाग कोणावर, हेही तेव्हाच. आमच्यात दिराचे हजार रुपये लग्नाच्या दिवशीही यायचे होते. ते दिवाळीत आले.

पैसे नसतील पण घरी धान्य असेल तर?

द्या, चांगलं द्या, पण फुकट समजून देऊ नका. लग्नघरी तूरडाळ लागतेच. वीस किलो डाळ द्यायची तर घरची तूर साधारण सत्तावीस-अठ्ठावीस किलो लागते, कारण भरडून शंभराची सत्तर-पंचाहत्तर किलोच डाळ हाती येते. तुरीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,००० होता. त्या भावानं ही सव्वादोन हजारांची तूर झाली. घेणाऱ्याला दुकानातून तेवढीच डाळ घ्यायला जास्त लागले असते, म्हणून दोघांनाही परवडतं. हंगामाच्या रकमेतून मात्र मी ते सव्वादोन हजार वजा करते. नाहीतर तूरही गेली आणि पाकीटही गेलं, असं होतं.

डाळ लग्नाच्या आठ दिवस आधी पोचवावी. मांडवात पोतं घेऊन गेलात तर तोवर त्यांनी आणलेली असते.

कमी आहेर केला म्हणून मनाला लागतं. लोकही बोलतात. काय करू?

लागणार. मला अजून लागतं. पण कशाचं लागतंय ते पाहते.

काही वर्षांपूर्वी यांच्या एका नातलगाच्या वास्तुपूजेला मी गटातून चार हजार काढून मिक्सर नेला होता. आमच्या घरी तेव्हा पाटा-वरवंटाच होता. का नेला? मागच्या वेळी माझ्या जावेनं त्यांच्याकडे पितळेचं गंगाळ दिलं होतं, तेवढ्याचसाठी. त्या वर्षी सोयाबीन पावसात भिजलं, गटाचे तीन हप्ते थकले, आणि रजिस्टर माझ्याच हातात असल्यामुळे थकबाकीदारांत माझंच नाव मला लिहावं लागलं. दोन वर्षांनी त्यांच्याकडे गेले तर मिक्सर खोक्यातच, माळ्यावर. त्यांच्याकडे आधीचा होता.

तेव्हापासून मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. त्या घरानं आमच्या अडचणीत काय केलं होतं, आणि मी देतेय ते त्यांच्या उपयोगाचं आहे का. पहिल्याचं उत्तर मोठं असेल आणि पैसे कमी असतील, तर कामानं भरून काढते. हळदीच्या आदल्या दिवशी जाऊन पोळ्या लाटायच्या, तांदूळ निवडायचे, पाहुण्यांना चहा करायचा. ज्या घरी असं दोन दिवस राबले तिथून आजवर आहेरावरून शब्द आला नाही. ज्या घरी जाऊन पाकीट टेकवून जेवून आले, तिथून आलाय.

आणि कोणी तोंडावर बोललंच तर? नणंदबाईंच्या शेजारणीनं मला विचारलं होतं, “काहो वहिनी, मामा एवढ्यातच निंघाला का?” मी म्हटलं, “हाव ना बाई, कापूस एवढाच पिकला.” पुढे काही नाही. लांबण लावली, कारणं सांगितली, मुलीची फी काढली, की आपणच गुन्हेगार होऊन बसतो. घरच्या नात्यात मात्र आधीच सांगून ठेवावं. मी नणंदबाईंना लग्नाच्या महिनाभर आधी फोन करून सांगितलं, “अक्का, यंदा आमच्याच्यानं एवढंच होते, मांडवात गेल्यावर तुमाले आश्चर्य नको.” त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “तू तीन दिवस आधी ये मग.”

मोठ्या भावानं दहा हजार दिले. मी तेवढे दिले नाहीत तर वाईट दिसेल ना?

मोठा भाऊ नोकरीत असेल तर त्याचा पगार दर महिन्याला येतो, तुमचा चुकारा वर्षातून एकदा. ही तुलना घरातल्या लोकांना कळते. मांडवातल्या परक्यांना कळत नाही, आणि त्यांच्यासाठी आपण आहेर करत नाही. एक मात्र पाळावं. स्वतःच्या दोन बहिणींत किंवा दोन भाच्यांत फरक करू नये. थोरल्या भाचीला कपाट आणि धाकटीला साडी, हे वीस वर्षांनंतरही निघतं. म्हणून पहिल्या भाचीला आकडा ठरवताना मागे आणखी किती आहेत ते मोजून ठरवावा. आमच्या आणखी दोघी आहेत.

आहेरात आलेली साडी दुसऱ्याला द्यावी का?

द्यावी, सगळेच देतात. फक्त पेटीत ठेवताना आत चिठ्ठी टाका, कोणाकडून आली ती. मला एकदा माझीच साडी परत आली. जांभळी, हिरव्या काठाची, घडीच्या रेषेवर पिवळट पडलेली, आणि दुकानदाराच्या कागदाच्या टाचणीनं गंज धरलेला. चार वर्षं आणि बहुधा पाच घरं फिरून आली होती. माझ्या हातचं कुंकू पदराला होतं, त्यावरून ओळखली. अशी नुसती फिरवायला साडी विकत घ्यायची असेल तर घेऊच नये, त्या दोनशे-अडीचशेचं रोख द्यावं. रोख फिरलं तरी कामाला येतं.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय करावं?

अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, म्हणून त्याची तयारी कोणी करत नाही. आणि तो कधी येतो यावर सगळं अवलंबून असतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून उन्हाळ्यातली लग्नं त्याच्या आधीच दाटून येतात. ती आटोपून आहेराची रक्कम संपते, तेवढ्यात जावई दारात, आणि बियाण्याच्या दुकानाची रांगही तेव्हाच. अशा वर्षी हंगामाची रक्कम ठरवतानाच जावयाचा भाग वेगळा काढायला हवा.

रीत आहे ती तेहतीस अनारशांची किंवा बत्ताशांची, ताम्हणात ठेवून, वर दिवा. अनारसे घरी होतात, खर्च तांदूळ, गूळ आणि खसखशीचा. त्यावर कपडे, चांदीचा दिवा, अंगठी हे ऐपतीनं. चांदीचं ताम्हण न्यायला गेलात तर ते जावयाच्या घरी कपाटात जाऊन बसेल. तांब्याचं चालतं. पहिलाच धोंडा असेल तर मुलीला हळूच विचारून घ्या, तिच्या सासरी काय वाट पाहताहेत. मुली खरं सांगतात.

लेकरांना तान्हा पोळ्याला, वाढदिवसाला किती?

तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारी आलेल्या लेकराला बोजारा द्यायचा. सगळ्यांना सारखा, दहा-दहाची नाणी आदल्या दिवशी सुटी करून ठेवा. आपल्या पुतण्याला पन्नास आणि शेजाऱ्याच्या पोराला दहा असं दारात दिसू देऊ नका. पुतण्याला नंतर आत बोलावून द्या. वाढदिवसाचं केकचं फॅड आता खेड्यातही आलंय, त्याला मी वही-पेन देते आणि केक खाऊन येते.

तेरवीला काय न्यावं?

इथे आहेराचं माप लावू नये. जवळचे असाल तर दुखवट्याचे कपडे रीतीप्रमाणे न्यावे लागतात, ते साधे चालतात. खरी गरज तेरवीच्या आधी असते. दवाखान्यात पैसे संपलेले, आणि तेरा दिवसांत पाहुण्यांची रीघ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच किलो तांदूळ, तेलाची पिशवी किंवा पाचशे रुपये घरातल्या बाईच्या हाती गुपचूप द्यावे. ते वहीत येत नाहीत आणि यायलाही नकोत.

मुलाकडचे लोक आहेरात गाडी मागतात. आम्ही मामा म्हणून भर घालावी का?

मागितलं की तो आहेर राहिला नाही, हुंडा झाला. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१चा आहे. त्यात न मागता, रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना सूट आहे. पण त्यांची यादी करून ठेवावी लागते, आणि मुलीकडून दिलेली भेट देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानानं फार जास्त नसावी, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे ऐपतीचा विचार कायद्यालाही करावासा वाटला. भर घालायची तर मुलीच्या नावच्या खात्यात घाला, गाडीत नको.

पाकिटावर रक्कम लिहावी का?

रक्कम नको, नाव पूर्ण लिहा. नाव, वडलांचं नाव, गाव. आमच्या गावात एकाच आडनावाची अकरा घरं आहेत आणि त्यात तीन विलास. एका लग्नात आमचे ६०१ दुसऱ्या विलासच्या नावावर चढले, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात ते घर ६०१ परत करून आलं. आमच्या ओळीत अजून ‘आले नाहीत’ असं लिहिलेलं आहे.